वॉरंटीतला लॅपटॉप, दुरुस्त होऊन परत येतो आणि पुन्हा तेच: सर्व्हिस सेंटरला पाठवायचा तक्रारीचा मेल जरा बघाल का?

रानवारा

लॅपटॉप अजून वॉरंटीत आहे. बिघाड एकच. चार्जर लावून काम चालू असतं, मी चार्जर काढते आणि त्याच क्षणी स्क्रीन काळी होऊन मशीन पूर्ण बंद पडतं. निळा स्क्रीन नाही, सूचना नाही, पंख्याचा आवाजही एकदम थांबतो. बटण दाबलं की लगेच सुरू होतं आणि बॅटरी नव्वदच्या वर दाखवतं. म्हणजे बॅटरी संपली म्हणून बंद पडलं असं नाही. मशीन थंड असेल तर हे क्वचित होतं. अर्धा-पाऊण तास चालून तापलं असेल तर बहुतेक वेळा होतंच.

सेंटरने आधी बॅटरी बदलली. नंतर विंडोज नव्याने टाकलं आणि बायोस अपडेट केलं. शेवटच्या वेळी 'चाचणीत दोष आढळला नाही' असं लिहून परत दिलं. दर वेळी घरी आणल्यावर पुन्हा तेच. दर वेळी आधीचं तिकीट बंद झालेलं असतं आणि फोनवर सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. माझं रोजचं काम या मशीनवर आहे. न जपलेलं लिखाण गेलं की दुपारच्या दुपार वाया जाते.

आता लेखी तक्रार करायची आहे. हा मसुदा:

> विषय: अत्यंत निकृष्ट सेवेबद्दल तक्रार
>
> महोदय, मी आपल्या कंपनीचा लॅपटॉप मोठ्या विश्वासाने घेतला. परंतु आपल्या सेंटरकडून मला अतिशय वाईट अनुभव आला आहे. वारंवार हेलपाटे मारूनही लॅपटॉप दुरुस्त झालेला नाही. आपले तंत्रज्ञ नीट तपासणी न करताच मशीन परत देतात. बॅटरी खरोखर बदलली की नाही याचीही मला शंका आहे. मदरबोर्ड खराब असल्याचे स्पष्ट दिसते. तरी तो ताबडतोब बदलून द्यावा, किंवा नवीन लॅपटॉप द्यावा, किंवा पैसे परत करावेत. अन्यथा मला कायदेशीर मार्ग अवलंबावा लागेल.

काय बदलू? काय घालू?

बाराखडी

मेल नंतर, आधी Event Viewer उघडा. Windows Logs मध्ये System. तिथे Kernel-Power, Event ID 41 अशी लाल नोंद दिसेल. ती दिसली की विषय संपला, वीजपुरवठ्यातला दोष आहे. तुमचा चार्जर गेलाय. मेलमध्ये सरळ लिहा की इव्हेंट ४१ येतोय, अडॅप्टर बदलून द्या. लॉग हा पुरावा आहे, त्यांना नाही म्हणता येणार नाही.

निळावंती

तापल्यावर बंद पडतो ना? मग पंख्यात धूळ आणि थर्मल पेस्ट वाळलेली, दुसरं काही नाही. कुणाकडून तरी उघडून साफ करून घ्या, तासाभराचं काम आहे. एवढ्यासाठी मेल-बिल कशाला?

रानवारा

@निळावंती, चार्जर लावलेलाच ठेवला तर कितीही तापलं तरी बंद पडत नाही. फक्त चार्जर काढतानाच पडतं. त्यामुळे धुळीचं कारण वाटत नाही.

@बाराखडी, पाहिलं. ४१ च्या नोंदी आहेत, प्रत्येक वेळेशी जुळतात.

तांब्याची_तार

मी बरीच वर्षं एका अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर आणि नंतर आत टेबलावर काम केलं आहे. तिकडून हे सगळं कसं दिसतं ते सांगतो.

आधी एक विनंती. वॉरंटी चालू असताना बाहेर कुठेही मशीन उघडू देऊ नका. धूळ साफ करून बिघाड जाणार नाही, पण एखादा स्क्रू घासलेला दिसला की 'आधी बाहेर उघडलेलं आहे' असा शेरा जॉबशीटवर चढतो. मग खरा बिघाड बाजूला राहतो आणि वाद त्या स्क्रूवर सुरू होतो.

आता ४१ बद्दल. बाराखडी, लॉग पाहायला सांगितलंत ते अगदी योग्य, पण त्याचा अर्थ तेवढा पुढे नेता येत नाही. ही नोंद मशीन पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जाते आणि ती एवढंच म्हणते की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. चार्जर, बॅटरी, बोर्ड, अगदी मशीन गोठलं म्हणून बटण दाबून धरणं, सगळ्यांत तीच नोंद येते. शिवाय इथे मशीन चार्जर लावलेला असताना चालतंय आणि काढल्यावर पडतंय. चार्जर खराब असता तर गोष्ट बहुधा उलट दिसली असती.

पण त्याच नोंदीच्या Details मध्ये दोन ओळी कामाच्या आहेत. BugcheckCode शून्य असेल तर निळा स्क्रीन येऊन बंद पडलेलं नाही. PowerButtonTimestamp शून्य असेल तर बटण दाबून धरून बंद केल्याची नोंद नाही. दोन्ही शून्य असतील तर 'सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम' आणि 'तुम्हीच बंद केला असेल' या दोन्ही उत्तरांना तुमच्याकडे प्रत्युत्तर असतं. ते सिद्ध करतं असं नाही, पण बोलणं पुढे सरकतं. शेवटच्या पाच नोंदी कमांड प्रॉम्प्टमध्ये अशा मिळतात:

```
wevtutil qe System /q:"*[System[(EventID=41)]]" /c:5 /rd:true /f:xml
```

आणि मशीन पुन्हा जमा करण्याआधी पूर्ण लॉग पेनड्राइव्हवर घ्या. त्यांनी विंडोज पुन्हा टाकलं तर या नोंदी पुसल्या जातात आणि तुमच्या हातात काही उरत नाही. पेनड्राइव्हचं अक्षर तुमच्याकडे जे असेल ते घाला:

```
wevtutil epl System E:\system-log.evtx
```

आता मुख्य गोष्ट. तुम्ही म्हणता तक्रार पहिल्या दिवसापासून एकच आहे. पण सेंटरच्या संगणकात ती एकच आहे का? तुमच्या सगळ्या जॉबशीट काढा आणि 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात काय लिहिलंय ते शब्दशः इथे टाका.

झुळूक

माझ्या लॅपटॉपचं वेगळं होतं. झाकण एका ठरावीक कोनात आणलं की स्क्रीनवर रेघा यायच्या. काउंटरवर नेलं की एकदम शहाण्यासारखा वागायचा. शेवटी मी मोबाइलवर व्हिडिओ काढला, झाकण हळूहळू मागे नेताना, रेघा येतात आणि जातात असा. तो मेलला जोडला तेव्हा कुठे केबल बदलली. तुम्हीही व्हिडिओ काढा. एक विचारायचं होतं, केबलही वॉरंटीत धरतात ना? मला वेगळे पैसे मागितले होते.

रानवारा

@तांब्याची_तार, जॉबशीट काढल्या. पहिल्या वर लिहिलंय 'बॅटरी बॅकअप कमी'. दुसऱ्या वर 'सिस्टिम हँग होऊन बंद'. तिसऱ्या वर नुसतं 'पॉवर इश्यू'. मी तिन्ही वेळा काउंटरवर तेच सांगितलं होतं, चार्जर काढला की बंद पडतो. हे वाचून मला खरंच धक्का बसला. चार्जर हा शब्द एकाही कागदावर नाही.

तांब्याची_तार

हेच पाहायचं होतं. काउंटरवरचा माणूस यादीतला सगळ्यात जवळचा पर्याय निवडतो आणि पुढच्या ग्राहकाकडे वळतो. आतल्या टेबलावरचा तंत्रज्ञ तुम्हाला भेटलेलाच नसतो, त्याच्यापुढे फक्त तो रकाना असतो. 'बॅकअप कमी' वाचलं, बॅटरी बदलली. 'हँग' वाचलं, विंडोज टाकलं. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याने लिहिलेल्या तक्रारीवर बरोबर काम केलं. 'पॉवर इश्यू' वाचून त्याने मशीन चार्जरला लावलं, रात्रभर चाचणी चालवली, सकाळी मशीन चालूच होतं. चाचणी मध्येच बॅटरी संपून थांबू नये म्हणून आम्ही मशीन चार्जरवरच ठेवायचो. म्हणजे तुमचा बिघाड ज्या क्षणी होतो तो क्षण त्या चाचणीत आलाच नाही. तापलेलं मशीन, आणि चार्जर काढणं, दोन्ही एकत्र हवं.

यामुळे कागदावर तुमची तीन वेगवेगळ्या बिघाडांची तीन मिटलेली प्रकरणं आहेत. एकच बिघाड वारंवार दुरुस्त होत नाही अशी नोंद कुठेच नाही, आणि बदली मशीनचा विचार वर जातो तो त्याच नोंदीवर. सेंटरवाल्याच्या हातात तो निर्णय नसतो, तो कंपनीला प्रस्ताव पाठवतो. म्हणून मेलचं पहिलं काम राग पोचवणं नाही. तिन्ही जॉबशीट एका धाग्यात ओवून 'हा एकच बिघाड आहे' हे लेखी नोंदवणं, एवढं ते काम आहे. ते झालं की बाकीचं बोलता येतं.

मदरबोर्ड हा शब्द काढा. तुमचं म्हणणं बरोबरही असेल. चार्जर निघाल्यावर बोर्डाने एका क्षणात बॅटरीवर उडी घ्यायची असते, ती चुकतेय असं दिसतं. पण ती चूक बोर्डावरच्या चार्जिंगच्या भागात असू शकते, बॅटरीच्या कनेक्टरमध्ये असू शकते, काही मॉडेलांत चार्जरची पिन वेगळ्या छोट्या बोर्डावर असते तिथेही असू शकते. तुम्ही बोर्ड मागितलात, त्यांनी बदलला आणि बिघाड राहिला, तर 'ग्राहकाच्या मागणीनुसार बोर्ड बदलला' अशी नोंद होते. तुम्ही फक्त लक्षण सांगा, निदान त्यांनी करायचं.

बॅटरी खरोखर बदलली का, याची शंका मेलमध्ये लिहिण्याआधी स्वतः तपासा. कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
powercfg /batteryreport
```

एक एचटीएमएल फाइल तयार होते. तिच्यात Installed batteries खाली SERIAL NUMBER, FULL CHARGE CAPACITY, CYCLE COUNT असतं. काही बॅटऱ्या यातली एखादी माहिती देत नाहीत, तिथे नुसती रेघ दिसते. जॉबशीटवर बसवलेल्या भागाचा नंबर असेल तर दोन्ही ताडून पाहा.

कोरी_वही

मी कार्यालयात तक्रारींचा पत्रव्यवहार वाचते, लॅपटॉपचं मला काही कळत नाही. मसुद्याबद्दल सांगते.

विषयाच्या ओळीत 'निकृष्ट सेवा' लिहिलंय. अशा विषयाचे मेल रोज ढिगाने येतात आणि त्यांना एक ठरलेलं दिलगिरीचं उत्तर जातं. विषयात सीरियल नंबर, शेवटच्या जॉबशीटचा नंबर आणि बिघाड एका ओळीत. तो मेल शोधता येतो, पुढे पाठवता येतो.

मागण्या तीन आहेत आणि तिन्हींमध्ये 'किंवा' आहे. वाचणारा सगळ्यात सोपी निवडतो, किंवा कुठलीच निवडत नाही. एकच मागा. दुसरी मागणी हवीच असेल तर ती पहिली पूर्ण झाली नाही तर काय, अशा स्वरूपात.

'ताबडतोब' ऐवजी तारीख. 'तंत्रज्ञ नीट तपासणी करत नाहीत' काढा. ते खरं असलं तरी ज्याने मदत करायची त्याच माणसाला ते आधी वाचायला लागतं.

उत्तरायण

मला हे पटत नाही. एवढं गोड बोलून काही होत नाही. कायद्याचा उल्लेख आला की फाइल वर जाते. पहिल्याच मेलमध्ये नोटिशीची भाषा पाहिजे, कंपनीच्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना प्रत लावा.

कोरी_वही

फाइल वर जाते हे खरं, पण कुणाकडे? आमच्याकडे कायदेशीर कारवाईचा शब्द आला की पत्र विधी विभागाकडे जातं आणि काम करणारा माणूस उत्तर देणं थांबवतो, कारण आता त्याने काहीही लिहिलं तर ते अंगाशी येऊ शकतं. दुरुस्ती हवी असताना दुरुस्ती करणाऱ्याचंच तोंड बंद करायचं का? नोटीस द्यायची वेळ आलीच तर आधीचा शांत, तारखेचा, पुराव्याचा मेलच तिच्यासोबत जोडायला उपयोगी पडतो.

उत्तरायण

तुमच्या कार्यालयात असेल. माझं काम धमकीनंतरच झालं होतं.

रानवारा

दोघांचंही वाचलं. पहिल्या मेलमध्ये कायदा नको असं ठरवतेय. सेंटरच्या व्यवस्थापकाला मेल आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला प्रत.

बॅटरी रिपोर्ट काढला. सीरियल नंबर जॉबशीटवरच्या नव्या बॅटरीशी तंतोतंत जुळतो. CYCLE COUNT अगदी कमी आहे आणि FULL CHARGE CAPACITY मूळ क्षमतेच्या जवळपास. म्हणजे त्यांनी बॅटरी खरंच बदलली आहे आणि ती चांगली आहे. ४१ च्या नोंदींत दोन्ही आकडे शून्य.

तांब्याची_तार

मग शंकेची ओळ जाते आणि तिच्या जागी याहून वजनदार वाक्य येतं: बॅटरी नवी आहे, सुस्थितीत आहे, हा तिचा रिपोर्ट, आणि तरीही बिघाड होतो. बॅटरीचा प्रश्न यापुढे कुणी काढू नये इतकं ते स्वच्छ आहे.

व्हिडिओ काढताना एक करा. एकाच सलग चित्रणात आधी बॅटरीची टक्केवारी दाखवा, मग चार्जरची पिन आणि स्क्रीन दोन्ही एकदम दिसतील असा मोबाइल धरून चार्जर काढा. मध्ये कापू नका. स्क्रीनवर घड्याळ दिसू द्या, म्हणजे लॉगमधल्या वेळेशी मेळ बसतो. ४१ ची स्वतःची वेळ पुन्हा सुरू झाल्याची असते, त्यामुळे एखाद-दोन मिनिटं पुढची दिसेल. बंद पडल्याची वेळ त्याच लॉगमध्ये 6008 या नोंदीच्या मजकुरात असते.

@झुळूक, स्क्रीनची केबल साधारणपणे मशीनचाच भाग धरतात. बिजागरी आपटून किंवा दाबून तुटली आणि त्यात केबल गेली असा शेरा असेल तर पैसे मागतात. जॉबशीटवर काय शेरा होता त्यावर अवलंबून आहे.

झुळूक

शेरा आठवत नाही, शोधते. मी पैसे भरून मोकळी झाले होते.

रानवारा

हा नवा मसुदा. तारखा आणि नंबर इथे गाळले आहेत, मेलमध्ये घालेन.

> विषय: सीरियल क्र. ____, जॉबशीट क्र. ____: चार्जर काढताच लॅपटॉप बंद पडणे, दुरुस्तीनंतरही तोच बिघाड
>
> महोदय,
>
> वरील लॅपटॉप ____ रोजी खरेदी केला असून वॉरंटी ____ पर्यंत आहे. बिलाची प्रत जोडली आहे.
>
> बिघाड असा आहे: चार्जर लावून साधारण अर्धा तास काम केल्यानंतर चार्जर काढल्यास लॅपटॉप त्याच क्षणी पूर्ण बंद पडतो. बॅटरी त्या वेळी नव्वद टक्क्यांच्या वर असते. चार्जर लावलेला राहिल्यास किंवा मशीन थंड असल्यास बिघाड सहसा दिसत नाही.
>
> याच बिघाडासाठी लॅपटॉप आपल्याकडे पुढीलप्रमाणे जमा केला होता. जॉबशीट क्र. ____, दि. ____: बॅटरी बदलली. जॉबशीट क्र. ____, दि. ____: विंडोज पुन्हा टाकले, बायोस अपडेट केले. जॉबशीट क्र. ____, दि. ____: दोष आढळला नाही. तिन्हींवर तक्रारीचे वर्णन वेगवेगळे लिहिले गेले असले तरी बिघाड पहिल्यापासून हाच आहे. कृपया या तिन्ही नोंदी एकाच बिघाडाच्या म्हणून जोडाव्यात.
>
> नवी बॅटरी सुस्थितीत असल्याचा रिपोर्ट, बिघाडाचा सलग व्हिडिओ आणि त्या वेळच्या सिस्टिम लॉगमधील नोंदी जोडल्या आहेत. नोंदींमध्ये BugcheckCode व PowerButtonTimestamp दोन्ही 0 आहेत.
>
> माझी विनंती: तपासणी मशीन तापलेले असताना, चार्जर वारंवार काढून-लावून, शक्यतो माझ्यासमोर करावी आणि बिघाड ____ तारखेपर्यंत दूर करावा. त्यानंतरही तोच बिघाड राहिल्यास लॅपटॉप बदलून देण्याचा प्रस्ताव कंपनीकडे पाठवावा व त्याचा क्रमांक मला कळवावा.
>
> हा बिघाड वॉरंटीच्या मुदतीत नोंदवला आहे आणि दुरुस्ती मुदतीनंतर पूर्ण झाली तरी ती वॉरंटीतच धरली जाईल, असे कृपया लेखी कळवावे.

कोरी_वही

हा मेल पाठवा. एकच बदल, 'शक्यतो माझ्यासमोर' मधलं 'शक्यतो' काढा. तो शब्द वाचून कुणी तुम्हाला बोलावणार नाही. आणि जोडलेल्या फायलींची नावं 'व्हिडिओ १' अशी नकोत, प्रत्येकीत सीरियल नंबर घाला. पुढे पाठवताना मेल आणि फायली वेगळ्या होतात.

तांब्याची_तार

शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा आहे, तो ठेवाच. वॉरंटी संपत आली की 'भाग मागवला आहे' म्हणत दिवस निघतात आणि मुदत उलटल्यावर नव्या तिकिटाचे पैसे सांगतात. बदललेल्या भागाची स्वतंत्र हमीही विचारून घ्या. काही कंपन्यांच्या अटींत ती ९० दिवस किंवा उरलेली वॉरंटी, यांतलं जे जास्त ते, अशी असते.

बदली मशीनबद्दल आशा थोडी आवरून ठेवा. वॉरंटीच्या अटींत बहुतेक ठिकाणी 'दुरुस्त करणे किंवा बदलून देणे, कंपनीच्या पर्यायाने' असं असतं. निवड ते करतात. म्हणून प्रस्तावाचा क्रमांक मागितलात ते बरं केलंत. क्रमांक असला की तोंडी आश्वासनाची नोंद होते.

बाराखडी

तरी एकदा दुसऱ्या चार्जरने करून पाहायला काय हरकत आहे? त्याच वॉटचा, त्याच कंपनीचा.

तांब्याची_तार

काहीच हरकत नाही, उलट कराच. दुसऱ्या मूळ चार्जरनेही होत असेल तर तेही मेलमध्ये एका वाक्यात लिहा. त्यांच्या तंत्रज्ञाचा एक प्रश्न कमी होतो.

रानवारा

ओळखीच्यांकडे त्याच मॉडेलचा चार्जर होता. त्यानेही तसंच झालं. ते वाक्य घालून मेल पाठवला.

रानवारा

उत्तर आलं. व्यवस्थापकांनी बोलावलं. मशीन त्यांच्या टेबलावर व्हिडिओ चालवून तापवलं. पहिल्यांदा चार्जर काढला तेव्हा काही झालं नाही आणि माझा जीव खालीवर झाला. थोड्या वेळाने पुन्हा काढला आणि बंद पडलं. तंत्रज्ञाने स्वतः परत करून पाहिलं, परत बंद. आत नेऊन बॅटरीचा कनेक्टर काढून पुन्हा बसवला, तरीही बंद. नव्या जॉबशीटवर या वेळी मी वाक्य सांगून लिहून घेतलं: 'चार्जर काढल्यावर मशीन बंद, तंत्रज्ञासमोर पडताळले.' बोर्ड मागवला आहे. आधीच्या जॉबशीट जोडल्याचं उत्तरात आहे. वॉरंटी उलटली तरी ही दुरुस्ती वॉरंटीतच धरू, तेही लेखी आलं. बदली मशीनबद्दल मात्र एवढंच, 'बोर्ड बदलल्यानंतर पाहू.' क्रमांक दिला नाही.

उत्तरायण

बघा, क्रमांक दिला नाहीच. तिथेच नोटीस पाहिजे होती.

कोरी_वही

त्याच मेलला उत्तर देऊन 'आजच्या भेटीत असं ठरलं' हे तीन ओळींत लिहून पाठवा. क्रमांक पुन्हा मागा. नवा मेल सुरू करू नका, जुन्याखालीच लिहा.

तांब्याची_तार

टेबलावर बंद पडलं, हे चांगलं झालं. 'पडताळले' हा शब्द जॉबशीटवर असणं मोठी गोष्ट आहे.

आता बोर्ड बदलताना दोन गोष्टी. डिस्क बिटलॉकरने किंवा Device encryption ने कुलूपबंद केलेली असेल तर नव्या बोर्डवर ती उघडताना रिकव्हरी की मागितली जाईल, कारण त्या कुलपाची किल्ली सांभाळणारी टीपीएम चिप जुन्या बोर्डसोबत जाते. ४८ अंकी की आत्ताच काढून ठेवा. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन करत असाल तर aka.ms/myrecoverykey वर बहुधा सापडेल. की नसेल तर सेंटरवाले डिस्क पुसून विंडोज टाकण्यापलीकडे काही करू शकत नाहीत. बॅकअप तर घ्याच.

दुसरी, मशीन परत घेताना काउंटरवरच पॉवरशेलमध्ये हे चालवा:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
```

खाली चिकटवलेल्या पट्टीवरचा सीरियल नंबर आणि हा एकच हवा. नव्या बोर्डमध्ये तो तंत्रज्ञाला वेगळा भरावा लागतो आणि घाईत राहून जातो. मग तिथे रिकामं किंवा 'Default string' असं काहीतरी येतं, आणि पुढच्या वेळी कंपनीची वेबसाइट मशीन ओळखत नाही.

रानवारा

डिस्क खरंच एनक्रिप्टेड निघाली, मला पत्ताच नव्हता. की मिळाली, कागदावर उतरवून ठेवली. बॅकअप चालू आहे. मशीन घेताना तापवून, चार्जर काढून पाहिल्याशिवाय सही करायची नाही असं ठरवलंय. ते तेवढा वेळ थांबू देतील का?

तांब्याची_तार

काही सेंटर देतात, काही म्हणतात आधी सही मग मशीन. तसं झालं तर सहीशेजारी 'चाचणी न करता ताब्यात घेतले' असं लिहा आणि तारीख टाका.

झुळूक

आणि मिळणारा बोर्ड नवाच असतो का? मला कुणीतरी सांगितलं होतं की दुरुस्त केलेलेच बसवतात.

तांब्याची_तार

दोन्ही असतं. बऱ्याच कंपन्यांच्या अटींत 'नवे किंवा नव्यासारखे भाग' अशी मुभा असते. माझ्या हाताखालून गेलेले दुरुस्त बोर्ड चांगले चालले, काही परतही आले. नवाच हवा असा हट्ट अटींत बसत नाही, पण कुठला बसवला ते जॉबशीटवर लिहून मागता येतं.

उत्तरायण

मी असतो तर दुरुस्त केलेला घेतलाच नसता.

रानवारा

लिहून मागते. बोर्ड आल्याचा फोन अजून नाही. मेलखाली भेटीच्या तीन ओळी टाकल्या आहेत, प्रस्तावाचा क्रमांक पुन्हा मागितला आहे.